संडासच्या भांड्यात साप आला, तर आधी मागची लाइन तपासा

प्रश्न: "परवा रात्री आई संडासला गेली तर भांड्यात साप, डोकं वर काढून बघत होता. बादलीभर पाणी टाकलं तसा आत गेला. मागं टाकी आहे, तिचं झाकण पक्कं आहे. मग हा आला कुठून? परत येईल का? शेजारी म्हणतात ॲसिड टाका. आई तेव्हापासून शेताकडं जाते. घर माजलगावजवळ, घरामागं ऊस आहे."

ॲसिड टाकू नका, ही पहिली गोष्ट. गरम पाणी, रॉकेल, फिनेल यातलंही काही नको. का ते पुढं सांगतो.

माझं पोट नळ फिटिंगच्या कामावर चालतं आणि गेली बावीस वर्षं परभणीकडच्या खेड्यांत साप पकडायला जातो. ही दोन्ही कामं एकाच माणसाकडं असल्यामुळं संडासात साप निघाला की हमखास मला बोलावणं येतं. त्या अनुभवावर सांगतो. साप पकडणं हा यातला सोपा भाग आहे. अवघड आहे ते दोन गोष्टी ठरवणं: तो या क्षणी पाईपातच बसलाय की गेलाय, आणि लाइनीत तो कुठल्या जागेतून शिरला. पहिली कळली नाही तर आई संडासात पाय ठेवणार नाही आणि दुसरी कळली नाही तर पुढच्या पावसात मी, नाहीतर दुसरा कुणी सर्पमित्र, पुन्हा तुमच्या दारात असेन.

भांड्याखाली वाकडा पाईप असतो, त्याला आम्ही ट्रॅप म्हणतो. त्यात पाणी साचून राहतं, त्यामुळं टाकीचा वास वर येत नाही. हे पाण्याचं कुलूप किती खोल असतं? शहरातल्या भांड्याला साधारण ५० मिलिमीटर, आणि तांब्या-दोन तांब्यांत साफ होणाऱ्या गावाकडच्या पॅनला २० मिलिमीटर. म्हणजे बोटाच्या दोन पेरांइतकं किंवा एका पेराइतकं पाणी. वासाला ते पुरतं, सापाला नाही. तो एका बुडीत पलीकडं निघतो. चार इंची पाईपात मनगटाएवढी धामण आरामात मावते, मग दिवड किंवा कवड्या तर सोडूनच द्या.

आता पाणी टाकल्यावर तो आत गेला म्हणून संपलं असं का धरायचं नाही? ट्रॅपच्या पलीकडं पाईप भरलेला नसतो, त्यात निम्म्याहून जास्त हवा असते. थंडावा आहे, अंधार आहे, झुरळं आहेत, त्यांच्यामागं आलेला एखादा बेडूक आहे. साप तिथं दोन-तीन दिवसही बसून राहतो. तुम्ही टाकलेलं पाणी त्याच्या अंगावरून निघून जातं आणि तो तिथल्या तिथं राहतो. आणि ॲसिड नको म्हणतो ते याचसाठी. ते ट्रॅपच्या पाण्यात पातळ होतं, त्यानं साप मरेलच असं नाही, पण भाजलेला जीव वाट फुटेल तिकडं पळतो, त्यात भांड्याची बाजूही आली. म्हणजे तुम्ही त्याला खाली घालवण्याऐवजी वर बोलावल्यासारखं होतं. त्यात भांड्यात आधी ब्लिचिंग पावडर टाकलेली असेल तर ॲसिडबरोबर क्लोरीन वायू तयार होतो, आणि चार बाय चारच्या बंद खोलीत तो माणसालाच आडवा करतो. फिनेलच्या वासानं साप पळतो ही समजूत मी कितीतरी घरांत ऐकली. त्याच घरांत फिनेलच्या डब्याला टेकून बसलेला साप बाहेर काढला आहे.

तो पाईपात आहे का, हे बघायची आमच्या फिटिंगवाल्यांची एक जुनी युक्ती आहे. भांडं आणि टाकी यांच्यामध्ये चेंबर असेल तर दुपारी ऊन चांगलं असताना त्याचं झाकण काठीनं किंवा पहारीनं बाजूला सारा आणि थोडा वेळ लांब उभे राहा. मग घरातला हातभर आरसा घेऊन उन्हाची तिरीप चेंबरमधल्या पाईपाच्या तोंडात टाका. तुम्ही चार हात लांब उभे राहिलात तरी चालतं, उजेड आत जातो. पाईप सरळ असला तर पार ट्रॅपच्या वाकणापर्यंत आतली भिंत चकाकताना दिसते. साप असला तर ती चकाकी मध्येच तुटते आणि तिथं काळपट वेटोळं दिसतं. टॉर्चपेक्षा आरशाचा उजेड जास्त आत जातो, हे करून बघितल्याशिवाय पटत नाही. रिकामा दिसला की घरातून एकानं भांड्यात दोन बादल्या हळूहळू ओतायच्या आणि दुसऱ्यानं लांबूनच चेंबरकडं बघत राहायचं. वाकणात दडलेला असला तर तो उतारानं चेंबरमध्ये येतो. ही दुसरी पायरी मात्र सर्पमित्र हजर असतानाच करा, कारण चेंबरमध्ये आलेला साप पुढं कुठं जाईल ते तुमच्या हातात नसतं.

टाकीचं झाकण मात्र उघडून आत डोकावू नका. काडी पेटवून तर अजिबात बघू नका. आत पेट घेणारा वायू असतो आणि त्याच्यासोबत जीव घेणाराही असतो. टाकीत उतरलेली माणसं सापाच्या विषानं नाही, त्या हवेनं मेलेली आहेत.

चेंबरच नसेल, पाईप थेट टाकीत गेला असेल, तर बघायची सोय नाही. अशा घरी मी भांड्यावर घमेलं पालथं घालायला सांगतो, त्यावर पाण्यानं भरलेला वीस लिटरचा कॅन ठेवायचा. दाराखालच्या फटीत ओलं पोतं कोंबायचं. दोन-तीन दिवस शेजारच्या घरी सोय करा. घमेलं काढताना दार उघडं ठेवा, लाइट लावा आणि काठीनं लांबून उचला. पाण्याकडं नीट बघा. साप वर येतो तेव्हा आधी फक्त नाकपुड्या आणि डोळे पाण्याबाहेर असतात, वाटाण्याच्या दाण्याएवढं काहीतरी तरंगतंय असं वाटतं. मग जीभ बाहेर येते आणि पाण्यावर बारीक वलय उठतं. डोकं वर काढून बघत होता, असं तुम्ही लिहिलंय ते हेच.

कुठला साप असेल? ऊस आणि कालव्याचं पाणी जवळ म्हटल्यावर माझा पहिला अंदाज दिवड. काही गावांत तिला विरोळा म्हणतात. अंगावर सोंगटीच्या पटासारखे काळे चौकोन आणि डोळ्याखाली दोन तिरप्या काळ्या रेघा असतात. बेडूक, मासे हे तिचं खाणं. विषारी नाही, पण चिडकी आहे, हात जवळ नेला की चावतेच. पण हा अंदाज आहे, तो धरून हात घालू नका. अंगावर पांढरे पट्टे दिसले तर ती मण्यार असू शकते. घरातल्या पाली खाणारा कवड्या हुबेहूब तसाच दिसतो आणि तो बिनविषारी. कवड्याचे पट्टे मानेपासूनच सुरू होतात आणि शेपटीकडं पुसट होत जातात. मण्यारीचे मानेपाशी नसतात किंवा पुसट असतात, पुढं शेपटीकडं ठळक होतात आणि बहुतेक जोडीजोडीनं असतात. ओल्या, अर्ध्या पाण्यात असलेल्या सापावर हा फरक बघत बसण्याची वेळ नसते. दारातून मोबाइलवर फोटो काढा, दार लावा आणि सर्पमित्राला पाठवा. ओळखीचा सर्पमित्र नसेल तर वनविभागाचा १९२६ हा नंबर आहे. साप मारू नका, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तो गुन्हा आहे. आणि येणारा सर्पमित्र साप हातात नाचवून व्हिडिओ काढू लागला तर त्याला सांगा, आधी पिशवीत घाल.

आता तुमचा खरा प्रश्न: झाकण पक्कं आहे, मग आला कुठून? लोक टाकीच्या झाकणाकडं बघतात, कारण ते डोळ्यांना दिसतं. साप बहुतेक वेळा तिथून येत नाही. आपल्या मराठवाड्यात तर मी आधी काळ्या मातीकडं बघतो.

काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आवळते. मे महिन्यात रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या घराच्या मागच्या जागेतही पडतात. त्या मातीत गाडलेला पाईप दर वर्षी थोडा वर उचलला जातो, थोडा खाली बसतो. टाकी जागची हलत नाही, ती जड आहे. म्हणजे पाईप हलतो आणि टाकी हलत नाही, आणि दोघं जिथं भेटतात तिथला सिमेंटचा जोड तुटतो. पाईप बोटभर मागं सरकतो. तेवढ्या फटीतून ओल बाहेर येते, ओलीवर बेडूक जमतात, उंदीर बीळ काढत येतो, आणि त्यांच्या मागं साप.

काळ्या मातीचा दुसरा गुण असा की एकदा भिजून फुगली की ती पुढचं पाणी मुरू देत नाही. शोषखड्डा उन्हाळ्यात नीट चालतो. जुलैत जमीन भिजली की तो तुडुंब भरतो आणि टाकीतलं पाणीही वर चढतं. टाकीच्या पोकळीत, पाईपाच्या जोडाशी जे काही बसलेलं असतं ते पाण्यापासून पळत वर सरकतं. वर जायला एकच वाट आहे, तुमच्या भांड्याकडची. म्हणून अशी बोलावणी मोठ्या पावसानंतर दोन-तीन दिवसांत जास्त येतात. तुमच्याकडं परवा पाऊस झाला होता का ते आठवा. झाला असेल तर साप शिकारीला आलेला नसून पाण्यानं हुसकलेला असण्याची शक्यता जास्त.

एक उदाहरण तपशिलात सांगतो. सेलू तालुक्यातलं एक घर, मागं कापूस, बाजूनं नाली. पंधरा दिवसांत तीन वेळा गेलो आणि तिन्ही वेळा दिवडच निघाली. पहिल्या दोन वेळा मी साप पकडला आणि निघून आलो, ती माझीच चूक. तिसऱ्या वेळी घरातली म्हातारी म्हणाली, "तुम्ही तोच साप परत आणून सोडता का काय?" मग मात्र लाज वाटली आणि मी पहार मागितली. टाकीचं झाकण सिमेंटनं बंद केलेलं, चेंबरही चांगलं, गॅसच्या पाईपाला टोपी. वरून काही दिसेना. मग कपड्याची नीळ घेतली, दोन बादल्या गडद निळ्या केल्या आणि भांड्यात ओतल्या. टाकीभोवती फिरत बसलो. पंधरा-वीस मिनिटांनी टाकीच्या भिंतीपासून हातभर अंतरावर मातीच्या एका भेगेत निळी ओल उठली.

तिथं खणलं. दीड फुटावर पाईप लागला. टाकीच्या भिंतीतून तो दोन बोटं मागं सरकलेला होता आणि भिंतीतलं भोक उघडं पडलेलं. भोकाच्या बाजूला उंदराचं बीळ, आतून गुळगुळीत झालेलं, म्हणजे वापरातलं. त्यात दोन बेडूक बसलेले. एवढं सगळं जमिनीखाली आणि वर स्वच्छ शेणानं सारवलेलं अंगण.

दुरुस्ती करताना बहुतेक गवंडी तिथं पुन्हा सिमेंट थापतात. ते पुढच्या उन्हाळ्यात परत तुटतं, कारण माती तीच आहे. आम्ही टाकीपासून चेंबरपर्यंत चर खणून काळी माती बाहेर काढली. पाईपाच्या खाली, वर आणि दोन्ही बाजूंना वीतभर मुरूम भरून धुम्मस केला. मुरूम फुगत नाही, त्यामुळं पाईप उचलला जात नाही. टाकीच्या भिंतीत पाईपाऐवजी आधी सॉकेट बसवला, त्याच्याभोवती काँक्रीट केलं आणि रबर रिंग घालून पाईप त्यात सरकवला. रबर रिंगमुळं पाईप थोडा हलला तरी जोड सुटत नाही. बिळात विटांचे तुकडे आणि मुरूम ठासला. सामान फारसं लागलं नाही, दोन गड्यांचा एक दिवस गेला. त्यानंतर तीन पावसाळे झाले, तिथून बोलावणं आलेलं नाही.

तुमच्याकडं हेच असेल असं मी इथं बसून सांगू शकत नाही. निळीची परीक्षा तुम्ही स्वतः करू शकता, वर ओल उठली तर जागा सापडली. मात्र पावसानं जमीन चिखल झालेली असताना ती कळत नाही, चार दिवस उघडीप मिळाल्यावर करा. ओल उठली नाही तर दुसरी जागा बघा: टाकीचं जास्तीचं पाणी काढणारा पाईप. तो शोषखड्ड्यात न नेता बऱ्याच घरांत तसाच नालीत किंवा उसात सोडून दिलेला असतो. घरामागं ऊस म्हणताय म्हणून मला याचीही शंका आहे. त्या उघड्या तोंडातून साप टाकीत येतो, पाण्याच्या वरच्या पोकळीतून भांड्याच्या पाईपाचं तोंड गाठतो आणि वर चढतो. टाकीत उतरणाऱ्या पाईपाला इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचा जोड लावलेला असतो, त्याचं खालचं तोंड पाण्यात असलं तरी वरचं मोकळंच असतं. या पाईपाच्या बाहेरच्या तोंडाला बोट जाणार नाही अशी गंज न धरणारी जाळी बसवा आणि महिन्यातून एकदा ती साफ करा. शक्य असेल तर पाईप झाकलेल्या खड्ड्यातच न्या.

जाळीचा मोह भांड्याच्या लाइनीत मात्र करू नका. मैला जाणाऱ्या पाईपात जाळी घातली की आठवड्यात तुंबते, हे मी दुसऱ्याच्या हातचं बिघडलेलं दुरुस्त करताना शिकलोय. तिथं वर उघडणारी झडप मिळते, पाणी बाहेर जातं आणि उलटं काही येत नाही. तीही चेंबरमध्ये, हात पोचेल अशा जागीच बसवावी लागते, कारण कचरा अडकला की ती अर्धी उघडी राहते आणि मग असून नसल्यासारखी.

गावात अनुदानातून झालेलं दोन खड्ड्यांचं शौचालय असेल तर हिशेब थोडा वेगळा. त्या खड्ड्यांच्या विटांत मुद्दामच भोकं ठेवलेली असतात, पाणी जमिनीत मुरावं म्हणून. ती बुजवायची नाहीत. खड्ड्याभोवती भेगा पडल्या असतील तर बाहेरून वाळू किंवा बारीक मुरमाची भर घाला आणि वापरात नसलेल्या खड्ड्याकडं जाणारं तोंड चेंबरमध्ये बंद आहे का बघा. ते उघडं असलं की रिकामा खड्डा म्हणजे सापाला ओसरी.

मोरीतून साप येणं हे प्रकरण त्यामानानं साधं आहे. तिथं बऱ्याचदा ट्रॅपच नसतो, भिंतीतून पाईप काढून थेट नालीत सोडलेला असतो. असलाच तर केस अडकतात म्हणून कुणीतरी आतली वाटी काढून कोपऱ्यात ठेवलेली असते. वाटी परत बसवा, बाहेरच्या तोंडाला जाळी लावा.

कुणाला चावलाच तर घट्ट बांधू नका, कापू नका, जागच्या जागी बसवा आणि १०८ ला फोन करून सरकारी दवाखान्यात न्या. चावल्याची वेळ लक्षात ठेवा. मण्यारीच्या चाव्याला बहुतेक वेळा सूज येत नाही, खूणही सापडत नाही, म्हणून "काही झालं नाही" असं समजून रात्र काढू नका. पोटात दुखणं किंवा पापण्या जड होणं हे तिचं लक्षण.

आईबद्दल. अंधारात उसाच्या कडेनं जाणं हे त्या भांड्यापेक्षा जास्त धोक्याचं आहे, तिथं तर घोणसही असते. आरशानं पाईप रिकामा दिसला आणि दोन बादल्या टाकूनही चेंबरमध्ये काही आलं नाही, की आईलाच बोलावून तो आरसा त्यांच्या हातात द्या. सेलूच्या त्या म्हातारीलाही मी तेच केलं होतं. तिनं आरसा धरला, पाईपात बराच वेळ बघितलं आणि मला म्हणाली, "हे आधीच दाखवायचं व्हतं की." पुढं महिनाभर ती आत जाताना बॅटरी नेत होती आणि तेवढं मलाही बरोबरच वाटलं.